गुडघा उठला, बैठक उठली नाही: एका कॉर्डरॉय पँटचं प्रकरण

पँट माझ्या टेबलावर आली तेव्हा सरांनी निकाल आधीच लावून टाकला होता. कापड नकली आहे. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. मुलगी जर्मनीत असते, तिने दिवाळीला येताना सव्वा मीटर कॉर्डरॉय आणलं होतं, गडद तपकिरी, अठ्ठावन्न इंची पन्ह्याचं. सरांनी ते नेहमीच्या मास्तरांकडे दिलं, नोव्हेंबरात पँट आली, आणि पुण्याची थंडी संपेपर्यंत तिची अवस्था ही अशी झाली.

तक्रारी तीन होत्या आणि त्या सरांनी वहीच्या पानावर लिहूनच आणल्या होत्या. एक, पँट बाजूने पाहिली की पुढचा भाग गडद आणि मागचा फिका दिसतो, जणू दोन वेगळ्या ताग्यांतलं कापड जोडलंय. दोन, गुडघ्यांवरच्या धाऱ्या सपाट होऊन तिथे चकाकी आली आहे. तीन, बैठकीच्या जागी धाऱ्या दिसेनाशाच झाल्या आहेत. "चार महिन्यांत, ताई. माझी कॉलेजातली सुती पँट बारा वर्षं टिकली."

मी कपडे दुरुस्तीचं काम करते, पण त्याआधी इचलकरंजीत मागावर काही वर्षं काढली आहेत. त्यामुळे कपडा आला की मी आधी शिवण नाही, विणकाम बघते. आणि या पँटच्या बाबतीत तिन्ही तक्रारींचं कारण एक नव्हतं, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं. एक दोष कातरणीचा होता, एक इस्त्रीचा आणि एक धुण्याचा. कापड नकली नव्हतं. फार उंची होतं असंही नाही, पण ते पुढे येईलच.

आधी कापड ओळखू. शेतात सरी-वरंबे पाडलेले असतात ना, कॉर्डरॉय म्हणजे हुबेहूब तेच. वर आलेला लवेचा वरंबा, दोन वरंब्यांमध्ये सरी, आणि हे सगळं कापडाच्या लांबीत उभं. एका इंचात किती वरंबे बसतात यावरून जात ठरते, त्या आकड्याला व्यापारात 'वेल' म्हणतात. आकडा जितका मोठा तितका वरंबा बारीक, हे नवख्याला उलटं वाटतं. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे जाड धारीचं, अकरा म्हणजे मधलं, पँटसाठी सगळ्यात चालणारं, आणि सोळाच्या पुढे बारीक, शर्टाला किंवा लहान मुलांच्या फ्रॉकला चालेल असं. मोजायला पट्टी आडवी ठेवायची आणि एक इंच नाही, दोन इंच मोजून निम्मं करायचं, कारण एका इंचात कडेचा अर्धा वरंबा धरायचा की सोडायचा यावर घोळ होतो. सरांच्या पँटवर दोन इंचांत बावीस आले. अकरा वेल. म्हणजे एक वरंबा आणि एक सरी मिळून सव्वादोन-अडीच मिलिमीटर.

आता एक गोष्ट, जी कळली की पुढचं सगळं आपोआप कळतं. कॉर्डरॉय मागावरून उतरतं तेव्हा त्याला धाऱ्या नसतातच. ते सपाट कापड असतं. त्यात बाणा, म्हणजे आडवा धागा, दोन प्रकारचा असतो. एक बाणा ताण्याशी, म्हणजे उभ्या धाग्यांशी, घट्ट गुंफून जमीन तयार करतो. दुसरा बाणा बऱ्याच उभ्या धाग्यांवरून मोकळा उड्या मारत जातो आणि मधूनमधून तेवढा ताण्याखाली अडकतो. हे मोकळे टाके एकाखाली एक अशा रांगेत येतात. माग सोडल्यावर पुढे या प्रत्येक रांगेच्या मधोमध सुरी फिरते. टाका कापला गेला की त्याची दोन टोकं वर उभी राहतात, शेजारच्या टाक्याचं टोक त्याला येऊन मिळतं, आणि झाला वरंबा. जिथून सुरी गेली ती झाली सरी. आज हे काम यंत्रावरच्या गोल पात्या करतात. एकेकाळी इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास, लिम आणि काँगल्टनसारख्या गावांत, कापड लांबलचक चौकटीवर ताणून कामगार हातात पातळ सुरी घेऊन एकेक सरी कापत चालत जायचे, टोकाला पोचले की पुढची सरी. दिवसभरात किती मैल चालणं होत असेल ते त्यांनाच ठाऊक. म्हणूनच युरोपात कितीतरी ठिकाणी या कापडाला आजही 'मँचेस्टर' म्हणतात. 'राजाचा दोरा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून कॉर्डरॉय आलं ही गोष्ट मात्र दुकानदारांची, तिला आधार नाही.

तर लव म्हणजे कापलेल्या बाण्याचे झुपके. ते जमिनीला चिकटवलेले नसतात, शिवलेले नसतात, फक्त ताण्याखाली अडकलेले असतात. हे लक्षात ठेवून सरांच्या पहिल्या तक्रारीकडे येते.

कापल्यानंतर लव ब्रशांखालून जाते आणि शेवटच्या ब्रशात तिला एक कल मिळतो. नजरेला ती उभी दिसते, पण प्रत्यक्षात मांजराच्या पाठीसारखी एका बाजूला किंचित झुकलेली असते. वरंब्याच्या लांबीत तळहात फिरवा. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट फिरवला की बारीक अडकतो. गुळगुळीत जाते ती लवेची दिशा. आता तुम्ही लव ज्या बाजूला झुकली आहे तिकडून तिच्याकडे पाहिलंत, तर नजर धाग्यांच्या टोकांमधून आत जाते, उजेड आत शिरून तिथेच विरतो आणि रंग गडद, भरलेला दिसतो. उलट बाजूने पाहिलंत तर धाग्यांची कुशी दिसते, तिच्यावरून उजेड परततो आणि तोच रंग फिका, जरा चमकदार वाटतो. रंगद्रव्यात काहीच फरक नसतो. तोच तुकडा उलटा धरा, गडद फिका होईल.

सरांची पँट मी खिडकीपाशी आडवी धरून बाजूच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना हात फिरवून पाहिला. पुढच्या भागावर हात खालून वर गुळगुळीत जात होता, म्हणजे लव वर जाणारी. मागच्या भागावर वरून खाली. मास्तरांनी काय केलं ते स्पष्ट होतं. पँटचा प्रत्येक भाग वर रुंद आणि मोहरीकडे निमुळता असतो. सव्वा मीटरात चार भाग बसवायचे तर पुढचे दोन सरळ आणि मागचे दोन उलटे, डोकं-पाय असे, एकमेकांच्या मोकळ्या जागेत घुसवून ठेवायचे. साध्या सुती किंवा टेरिकॉटच्या कापडात ही कसबी बचत आहे, आणि मास्तर आयुष्यभर तेच करत आले आहेत. लवेच्या कापडात सगळे भाग एकाच दिशेने लागतात. त्याला कापड जास्त लागतं. सरांच्या मापाला, माझ्या अंदाजाने, दीड ते पावणेदोन मीटर. मास्तरांना दोष देणं मला बरं वाटत नाही. सव्वा मीटर हातात ठेवून पँट मागितली की ते दुसरं काय करणार? पण कात्री लावण्याआधी "कापड कमी आहे" एवढं म्हणायला हवं होतं.

सरांनी विचारलं, मग रंगवून सारखं करता येईल का? नाही. रंग आधीच सारखा आहे, फरक उजेडाचा आहे, दोन्ही भाग आणखी गडद केले तरी शिवणीवरची ती रेघ तशीच राहील. भाग उसवून उलटाही करता येत नाही, कारण वरची रुंदी खाली जाईल. या तक्रारीवर उपाय नाही, हे मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. समाधान एवढंच की समोरून आणि मागून पँट एकरंगी दिसते. डावा-उजवा असा फरक पडला असता तर ती घालण्यासारखी राहिली नसती.

लव वर जाणारी असावी की खाली, यावर शिवणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. वरची लव रंग गडद दाखवते म्हणून कोट-जाकिटवाले तिला पसंती देतात. खालची लव हाताला मऊ लागते, कपडा झटकताना-पुसताना हात तिच्या कलानेच जातो, म्हणून ती जास्त टिकते असं पँटवाले म्हणतात. मांडीच्या बाबतीत मला ते पटतं. बैठकीच्या बाबतीत नाही. खुर्चीत माणूस पुढे सरकतो तसा मागेही सरकतो, घर्षण दोन्ही बाजूंनी होतं. आणि पुरावा समोरच होता. सरांच्या पँटची मागची लव खाली जाणारी, म्हणजे 'टिकाऊ' दिशेची, आणि तरीही झिजली होती ती बैठकच.

आता मूळ मुद्दा. "धाऱ्या सपाट झाल्या" असं लोक म्हणतात तेव्हा ते दोन पूर्ण वेगळ्या गोष्टींना एकच नाव देत असतात. एकात लव आडवी झालेली असते. दुसऱ्यात लव गेलेली असते. पहिली परत उभी करता येते, दुसरी येत नाही. गिऱ्हाइकाला आशा द्यायची की नाही हे यावरच ठरतं, म्हणून मी ही तपासणी घाई न करता करते.

गुडघा आधी घेतला. भिंग लावून पाहिलं तर वरंबे जागेवर होते, फक्त चेपलेले. झुपक्यांची टोकं एका बाजूला लोळवून दाबल्यासारखी आणि त्यांच्यावर काचेसारखी चकाकी. नखाने लवेच्या उलट खरवडलं तर दोन-चार झुपके उठून उभे राहिले. बोटाला धागे लागले नाहीत. म्हणजे लव आहे, आडवी आहे. सुती धागा ओला किंवा दमट असताना लवचीक होतो, आणि त्या अवस्थेत दाबून तापवला की थंड होताना त्याच आकारात बसतो. आपण सदऱ्याला घडी पाडतो ती याच गुणावर. सरांची पँट दर आठवड्याला इस्त्रीवाल्याकडे जात होती. तो पाणी शिंपडून, कोळशाची जड इस्त्री, सुलट बाजूने, कमरेकडून मोहरीकडे ओढत होता. पुढच्या भागाची लव वर जाणारी, इस्त्री खाली येणारी. प्रत्येक फेरीत लव उलट्या दिशेने मोडून पक्की होत होती. गुडघ्यावर सर्वात जास्त, कारण तिथे पोक आलेलं असतं आणि ते बसवायला तो दोनदा जास्त दाबायचा.

मग बैठक. तिथे नखाने खरवडून काही उठलं नाही. पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचलली तर तिच्यावर तपकिरी धागे चिकटून आले, गुडघ्यावर तीच पट्टी जवळपास स्वच्छ निघाली होती. शेवटी पँटमध्ये हात घालून बैठक खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरली. धड कॉर्डरॉयमधून उजेड आला तर सऱ्यांमधून, रेघारेघांनी येतो. इथे दोन्ही कुल्ल्यांच्या जागी तळहाताएवढ्या भागात उजेड सलग येत होता. वरंब्याच्या ठिकाणी नुसती जमीन उरली होती.

चार महिन्यांत इतकी लव का जावी? खुर्चीचं घर्षण हे उत्तर सरांनी स्वतःच दिलं, पण मला ते अपुरं वाटलं, कारण झुपके वरून झिजले असते तर आधी आखूड झाले असते. जागच्या जागी बुटके झुपके दिसले असते. इथे झिजलेल्या भागाच्या कडेला झुपके पूर्ण उंचीचे होते आणि त्यांच्या शेजारची जागा थेट मोकळी. म्हणजे झुपके झिजले नव्हते, निसटले होते.

आतल्या शिवणीत मास्तरांनी चांगली माया सोडली होती. तिचा सुटा काठ घेऊन मी सुईने उभे धागे एकेक करून मोकळे केले आणि झुपका कसा अडकलाय ते पाहिलं. झुपका दोन तऱ्हांनी अडकतो. एका तऱ्हेत तो एकाच उभ्या धाग्याखालून जाऊन दोन्ही टोकं वर काढतो, दोरीवर टाकलेलं धोतर उलटं धरलं तर दिसेल तसा. दुसऱ्या तऱ्हेत तो तीन उभ्या धाग्यांतून खाली-वर-खाली असा जातो. पहिली लव दाट आणि उठावदार दिसते, कापड कमी खर्चात होतं, पण झुपका एका धाग्याच्या भरवशावर असतो. दुसरी बरीच घट्ट. सरांच्या कापडात पहिली तऱ्हा होती, आणि जमीनही साध्या विणीची. जर्मनीत सुतार लोक परंपरेने जी काळी, रुंद मोहरीची कॉर्डरॉय पँट घालतात, तिच्यासाठी मिळणारं जाड कापड यापेक्षा फार घट्ट असतं. मुलीने आणलं ते दिसायला सुंदर, फॅशनच्या दुकानातलं. नकली नव्हे, नाजूक.

एका धाग्यावर अडकलेला झुपका वरून ओढून निघायला त्रास होतो, पण मागून ढकललं की पटकन सैल होतो, कारण त्याची गाठ म्हणावी ती वळी कापडाच्या पाठीवर उघडी असते. म्हणून मी सरांना धुण्याबद्दल विचारलं. सर म्हणाले, "लेबल नव्हतं, पण मुलीने सांगितलं होतं, उलटी करून धुवा. मी मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलंय." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी फोनवर बोलले. मावशी म्हणाल्या, "उलटीच करते की. रात्री पावडरीत भिजत घालते, सकाळी दगडावर ब्रश मारते, बैठकीला आणि मोहरीला जरा जास्त. मग पिळून दोरीवर." शेवटी त्या आपणहून म्हणाल्या, "पण त्या पँटीचं पाणी गढूळ येतं हो, बादलीच्या तळाला तपकिरी पूस बसतो."

तो पूस म्हणजे सरांची बैठक. पँट उलटी केली होती हे बरोबर, पण उलटी करण्याचं कारण लव घर्षणापासून लपवणं हे आहे. उलटी करून पाठीवर कडक ब्रश मारला तर झुपक्यांच्या उघड्या वळ्याच घासल्या जातात. रात्रभर भिजल्याने कांजीसारखं जे काही थोडं धरून ठेवणारं असतं तेही निघून गेलेलं, धागे फुगून सैल झालेले, आणि त्यावर ब्रश. मावशींनी सांगितलेलं तंतोतंत केलं होतं. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं होतं.

दुरुस्ती दोन टप्प्यांत केली. गुडघ्यांसाठी पँट हँगरला टांगली, वाफेची इस्त्री कापडापासून दोन बोटं दूर धरून, न टेकवता, एकेका गुडघ्याला मिनिट-दीड मिनिट वाफ दिली, कापड हाताला दमट लागेपर्यंत. मग मऊ केसांच्या कपड्याच्या ब्रशने आधी लवेच्या उलट, वरंब्याच्या लांबीतच, आडवं कधीच नाही. झुपके उठले की शेवटचे चार हात लवेच्या दिशेने, आणि पूर्ण वाळेपर्यंत तसंच टांगून ठेवलं. ओली असताना घडी घातली तर केलेलं सगळं वाया जातं. पहिल्या दिवशी निम्मी चकाकी गेली. दोन दिवसांनी पुन्हा केलं, तेव्हा उजवा गुडघा जवळजवळ पहिल्यासारखा झाला. डाव्यावर घडीच्या रेषेत एक बारीक चमकती रेघ राहिली. तिथे धाग्यांची टोकं तापून कडक झाली असावीत, आणि ती मी सोडून दिली. जास्त घासलं तर उरलेले झुपकेही जातील.

बैठकीची लव परत आणता येत नाही. जे करता येतं ते एवढंच की पुढे जाऊ द्यायची नाही. पर्याय दोन होते. इस्त्रीने चिकटणारं पातळ कॅनव्हास आतून लावलं तर वळ्या जागेवर धरल्या जातात, पण ते चिकटवायला दाब आणि उष्णता लागते, म्हणजे उरलेली लव चेपणार, आणि बैठक पुठ्ठ्यासारखी होणार. मी दुसरा घेतला. जुन्या मऊ मलमलीचं अस्तर, झिजलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठं, आतून हाताने सैल टाक्यांनी बसवलं, कडा शिवणींच्या मायेला धरून. टाके वरंब्यात नाही, सरीत घेतले, त्यामुळे बाहेरून दिसत नाहीत. आता अंगाचं आणि आतल्या कपड्याचं घासणं मलमल सोसते. मागच्या खिशात पाकीट ठेवायचं बंद करायला सांगितलं, कारण पाकिटाची कडा आतून वरंब्याला सतत ढकलत असते. जुन्या कॉर्डरॉय पँटवर पाकिटाचा चौकोन छापल्यासारखा दिसतो तो त्यामुळेच.

धुण्याचं मात्र पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ते मी सरांना नाही, मावशींना समोर बसवून सांगितलं. पाच-सहा वेळा घातल्यावर एकदा धुवायची. मधल्या दिवसांत ब्रश मारून वाऱ्यावर टांगली की पुरतं. धुण्याआधी खिसे उलटे करून झटकायचे, चेन आणि बटण लावायचं, पँट उलटी करायची. अर्धी बादली गार किंवा जेमतेम कोमट पाणी, त्यात पातळ साबणाचं एक टोपण, आधी पाण्यात विरघळवून. पावडर नको, कारण ती नीट न विरघळता सऱ्यांत बसते, आणि बोअरच्या जड पाण्यात तर पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसते. भिजवायची ती दहा-पंधरा मिनिटं, रात्रभर नाही. मग दोन्ही हातांनी पाण्यात वरखाली दाबायची. दगड नाही, ब्रश नाही. मोहरीला चिखल असेल तर तेवढाच भाग तळहाताने चोळायचा. तीन पाणी बदलून खळबळायची. पिळायची नाही, कारण पीळ दिलेल्या जागी ओली लव मोडते आणि वाळताना तशीच बसते. टॉवेलात गुंडाळून दाबली की निम्मं पाणी निघतं. टॉवेल मात्र जुना, पूस न सोडणारा. नवा पांढरा टॉवेल कॉर्डरॉयजवळही आणू नये. एकदा पांढरा पूस सऱ्यांत शिरला की चिकटपट्टीने काढत बसावं लागतं.

मशीनमध्ये टाकायची तर उलटी, नाजूक कपड्यांच्या चक्रावर, 30 अंशांच्या आत, पिळण्याचा वेग कमीत कमी, आणि सोबत फक्त गडद गुळगुळीत कपडे. मशीन अर्धंच भरायचं. कोंबून भरलं की कपडे एकमेकांवर दाबून घासतात, मग उलटी करण्याचा फायदा राहत नाही.

वाळवण्यात मावशींची एक सवय मोडणं कठीण गेलं. दोरीवर आडवी टाकली की मांडीवर दोरीचा वळ उठतो, आणि ओल्या लवेवरचा तो वळ इस्त्रीच्या डागाइतकाच हट्टी असतो. म्हणून पँट झटकून, कमरपट्ट्याला दोन चिमटे लावून, उलटीच, सावलीत. थोडी दमट असताना सुलट करायची, वरंब्यांवरून हात फिरवायचा, ब्रशचे चार हात मारायचे, मग पूर्ण वाळू द्यायची. एवढं केलं की इस्त्री लागतच नाही. सरांना घडी हवीच होती, तर ती पाठीमागून, खाली जाड टॉवेल किंवा त्याच कापडाचा तुकडा लव वर करून ठेवून, इस्त्री न ओढता फक्त टेकवून उचलत. माझं मत विचाराल तर कॉर्डरॉयला घडी शोभतही नाही.

सर जूनमध्ये परत आले, पँट न घेता. हातात तीन जुने रुमाल होते, प्रत्येकावर बॉलपेनने तारीख. दर धुण्याच्या पहिल्या पाण्याची बादली त्यांनी रुमालातून गाळली होती. एप्रिलच्या रुमालावर तपकिरी पुसाचा रुपयाएवढा थर होता, मेच्या रुमालावर नुसती छटा, आणि जूनचा जवळपास कोरा. झिजलेला भाग वाढलेला नाही, असं त्यांनी पट्टीने मोजून लिहूनही आणलं होतं. पहिला रुमाल जास्त भरला तो आधीच सैल झालेल्या झुपक्यांमुळे, ते त्यानंतर कसेही गेलेच असते. बाजूच्या शिवणीवरची गडद-फिकी रेघ अर्थात तशीच आहे.

पिशवीत आणखी एक गोष्ट होती. मुलीकडून मागवलेलं नवं कापड, बाटलीसारखं हिरवं, या वेळी दोन मीटर. ते मास्तरांकडे न्यायचं होतं. सरांनी पाठीवर दर वीतभर अंतरावर खडूने बाण काढले होते, सगळे एकाच दिशेला. मी हात फिरवून पाहिलं. बाण लवेच्या उलट होते. आम्ही दोघांनी बसून ते पुसले आणि पुन्हा काढले.